तीन लिटरचा हिशेब

सोसायटीची मीटिंग ही संडे सकाळ वाया घालवायची सर्वांत खात्रीशीर पद्धत आहे, यावर आपलं एकमत असायला हरकत नाही. पण या मे महिन्यातल्या मीटिंगला मी गेले, कारण मेन्टेनन्सचं बिल बघून घरात दोघांनाही घाम फुटला होता. कारण एकच, टँकर! वाकडच्या आमच्या बिल्डिंगमध्ये उन्हाळा लागला की कॉर्पोरेशनचं पाणी रोडावतं आणि दहा हजार लिटरचे टँकर गेटवर रांग लावतात. मग दीड तास कुणाच्या गाड्या रोज धुतल्या जातात आणि कुणाकडे बाथटब आहे यावर चर्चा झाली. किचनच्या भिंतीवर टांगलेल्या त्या पांढऱ्या डब्याबद्दल मात्र एक शब्द निघाला नाही.

तो विषय आमच्याकडे काढला मावशींनी. सिंकमध्ये सोडलेल्या बारीक पांढऱ्या पाइपमधून पाण्याची धार चालू होती. त्या धारेकडे बघत त्यांनी सरळ विचारलं, ‘‘ताई, हे पाणी एवढं खराब असतं का हो, की फेकूनच द्यावं लागतं?’’ मी टेचात म्हटलं, ‘‘हो मावशी, त्यात सगळी घाण असते.’’ त्या म्हणाल्या, ‘‘दिसतंय तर चांगलं.’’

आता काय उत्तर देणार? मग शनिवारी सकाळी मी एक मेजरिंग जग, एक बादली आणि ऑनलाइन मागवलेला पेनसारखा टीडीएस मीटर घेऊन ओट्यापाशी उभी राहिले.

टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार. एका लिटरमध्ये किती मिलिग्रॅम, तो आकडा. मीटर खरं तर पाण्यातून वीज किती सहज वाहते ते मोजतो आणि त्यावरून अंदाज सांगतो. पण घरगुती हिशेबाला तेवढं पुरतं. नळाला त्या दिवशी टँकरचं पाणी होतं, आकडा आला ६४०. मशीनचं प्यायचं पाणी, ४५. एक लिटर भरायला लागली साडेसहा मिनिटांहून थोडी जास्त. तेवढ्या वेळात पांढऱ्या पाइपखालच्या बादलीत जमलं तीन लिटर! आणि त्या ‘घाणेरड्या’ पाण्याचा टीडीएस? ८३५ च्या आसपास.

म्हणजे मावशी बरोबर होत्या. नळातून ६४० चं पाणी आत गेलं आणि ८३५ चं बाहेर आलं. ते गटाराचं पाणी झालं नव्हतं, तेच टँकरचं पाणी थोडं जास्त खारट झालं होतं. हिशेबही जुळतो बघा. आत गेलं चार लिटर, म्हणजे क्षार २,५६०  मिलिग्रॅम. त्यातले ४५ आपल्या पेल्यात आले आणि उरलेले अडीच हजार तीन लिटरमध्ये वाटले गेले. भागाकार करा, ८३८ येतं. दोनशे-तीनशे रुपयांच्या मीटरकडून याहून जास्त अपेक्षा नको.

मग प्रश्न असा की तीनच का? एक लिटर देऊन एक लिटर का नाही फेकत? याचं उत्तर त्या डब्याच्या पोटात आहे, आणि ते समजून घ्यायला आधी काकडीची कोशिंबीर आठवायला हवी.

काकडी चोचवून मीठ घालून ठेवली की दहा मिनिटांत वाडग्यात पाणी सुटतं. काकडीच्या पेशींना जे पातळ आवरण असतं त्यातून पाणी जातं, पण मीठ सहज जात नाही. बाहेर खारट, आत कमी खारट. अशा वेळी पाणी आपणहून खारट बाजूला धावतं. बेदाणे पाण्यात टाकले की याच्या उलट होतं. आत गोडी जास्त म्हणून पाणी आत शिरतं आणि बेदाणा टम्म फुगतो. या धावण्याला म्हणायचं ऑस्मॉसिस. आता समजा, खारट बाजूवर आपण दाब दिला. थोडा दिला तर पाण्याचं येणं मंदावेल. आणखी दिला तर एका क्षणी पूर्ण थांबेल. ज्या दाबाला ते थांबतं, तो त्या पाण्याचा ऑस्मॉटिक प्रेशर. त्याच्याही पुढे दाबत राहिलात की पाणी उलटं वाहायला लागतं, खारटाकडून गोड्याकडे. मीठ मागे राहतं. हाच तो ‘रिव्हर्स’, आणि हाच आपला आरओ.

हा दाब किती लागतो? साध्या नळाच्या पाण्यासाठी एक सोपा अंदाज आहे. दर १०० टीडीएसमागे साधारण १ पीएसआय. (हो, तोच पीएसआय, ज्यात आपण गाडीच्या टायरची हवा मोजतो.) म्हणजे आमच्या ६४० च्या टँकरसाठी जेमतेम साडेसहा पीएसआय. कारच्या टायरमध्ये याच्या चार-पाच पट हवा असते! समुद्राचं पाणी घेतलं तर मात्र गोष्ट बदलते. त्याचा टीडीएस ३५,००० च्या घरात, आणि नुसता ऑस्मॉटिक प्रेशर रोखायलाच चारशे पीएसआयच्या जवळ जावं लागतं. समुद्राचं पाणी गोडं करणारे प्लँट विजेवर एवढा खर्च का करतात, ते इथे कळतं. आपल्या किचनमधला छोटा पंप ६० ते ८० पीएसआय देतो. साडेसहाच्या समोर सत्तर म्हणजे पैलवानासमोर आपण!

हा दाब जिथे पडतो ती मेम्ब्रेन. फूटभर लांबीच्या नळकांड्यात ती बसवलेली असते, आणि उघडून पाहिली तर थेट सुरळीची वडी! पातळ पापुद्रे, त्यांच्यामध्ये खोबरं-कोथिंबिरीच्या जागी प्लॅस्टिकची बारीक जाळी, आणि सगळं एका मधल्या नळीभोवती गुंडाळलेलं. पाणी एका टोकाने जाळीतून शिरतं आणि पापुद्र्यांना घासत पुढे सरकतं. त्यातलं थोडं पापुद्र्यातून पार होतं आणि गोल गोल फिरत मधल्या नळीत पोचतं. ते आपलं पिण्याचं. बाकीचं जाळीतून सरळ दुसऱ्या टोकाला बाहेर. ते पांढऱ्या पाइपचं.

इथे एक गंमत सांगते. ब्रोशरमध्ये लिहिलेलं असतं की या मेम्ब्रेनला ०.०००१ मायक्रॉनची छिद्रं असतात. हा आकडा खरा मानला तर ती छिद्रं पाण्याच्या रेणूपेक्षाही लहान ठरतात, म्हणजे मशीनमधून थेंबही निघायला नको! खरं तर ही पिठाची चाळणी नाहीच. वरचा कामाचा थर पॉलिअमाइड नावाच्या प्लॅस्टिकचा असतो, केसाच्या जाडीच्या कित्येकशे पट पातळ. पाण्याचे रेणू त्यात मुरतात आणि वाट काढत पलीकडे निघतात. क्षारांचे कण पाण्याचे रेणू अंगाला लपेटूनच फिरतात, त्यामुळे त्यांना तिथे शिरणं फार जड जातं. तरी काही शिरतातच. म्हणून आमच्या पेल्यात ४५ आला, शून्य नाही.

आता तीन लिटरकडे येऊ. आपल्याला वाटतं की मशीनला सगळं पाणी पिळून काढता येत नाही, म्हणून ते उरलेलं फेकतं. आमच्या आकड्यांवर हे तपासून बघू. चारातलं एक लिटर काढलं, तर फेकलेलं पाणी ८३५, त्याचा ऑस्मॉटिक प्रेशर आठ-साडेआठ पीएसआय. अर्धं पाणी काढलं असतं, तर उरलेल्यात क्षार दुप्पट झाले असते, म्हणजे १,२८० आणि सुमारे १३ पीएसआय. चारातले तीन लिटर काढले असते, तर चौपट, २,५६० आणि २६ पीएसआय. सत्तरच्या पंपाला हेही अवघड नाही. दहातले नऊ काढायला गेलो असतो, तर मात्र ६,४०० आणि ६४ पीएसआय. तिथे पंपाचा दम संपला असता. म्हणजे केवळ दाबाचा विचार केला तर आपलं मशीन चारातले तीन लिटर सहज देऊ शकतं, आणि देतं एक. बिचाऱ्या ऑस्मॉटिक प्रेशरवर आळ घेण्यात अर्थ नाही.

खरा गुन्हेगार तुमच्या गीझरमध्ये आहे. त्याच्या कॉइलवर जो पांढरा दगडी थर बसतो, तो कॅल्शिअमचा. टँकरचं पाणी बहुतेक बोअरवेलचं, त्यात हा कॅल्शिअम भरपूर. पाणी चौपट घट्ट केलं की तो विरघळून राहू शकत नाही, त्याचा खडू होतो, आणि तो बसतो कुठे, तर थेट मेम्ब्रेनवर. त्यात आणखी एक भानगड. पाणी पापुद्र्यातून पार होतं तेव्हा मीठ अगदी त्या पृष्ठभागापाशीच मागे राहतं. म्हणजे मधल्या पाण्याचा टीडीएस ८०० असला तरी पापुद्र्याला चिकटलेल्या थरात तो बराच जास्त असतो. हा थर सतत धुऊन न्यायला हवा, आणि धुणार कोण? वाहतं पाणी! पांढऱ्या पाइपमधून जाणारं पाणी म्हणजे मेम्ब्रेनवर फिरणारा झाडू आहे. झाडू जोरात मारला की मेम्ब्रेन दोन-तीन वर्षं टिकते. हळू मारला तर काही महिन्यांत खडूने चोंदते.

आणि झाडू किती जोरात मारायचा, हे ठरवते पांढऱ्या पाइपवर बसवलेली बोटाएवढी प्लॅस्टिकची नळी. तिला फ्लो रिस्ट्रिक्टर म्हणतात. तिच्या आत अतिशय अरुंद वाट असते. त्यामुळे एकीकडे पाणी अडून दाब तयार होतो आणि दुसरीकडे ठरावीक पाणी बाहेर जात राहतं. तिच्यावर आकडा छापलेला असतो. आमच्यावर ‘४५०’ होता, म्हणजे मिनिटाला ४५० मिलिलिटर. आमचं मशीन प्यायचं पाणी देतं मिनिटाला दीडशे. झाले ना एकास तीन? सगळा मामला त्या एका नळीचा!

या नळीला डोकं नसतं. नळाला काय आलंय हे तिला कळत नाही. मीटर हातात असल्याने मी पावसाळा सुरू झाल्यावर पुन्हा मोजलं. टँकर बंद झाले होते आणि कॉर्पोरेशनचं पाणी आलं होतं. नळाचा आकडा ९५. मशीनने त्याचे ७ केले आणि त्यासाठी पुन्हा तेच तीन लिटर फेकले, टीडीएस १२५ चे. म्हणजे जे पाणी मेच्या महिन्यात मला मशीनमधून मिळालं असतं तर मी खूश झाले असते, ते जुलैमध्ये गटारात चाललं होतं.

भारतीय मानकाप्रमाणे (आयएस १०५००, २०१२ ची आवृत्ती) पिण्याच्या पाण्याचा टीडीएस ५०० पर्यंत असावा, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घ्यावा. राष्ट्रीय हरित लवादानेही २०१९ साली म्हटलं होतं की जिथे पाणी ५०० च्या आत आहे तिथे आरओ नकोच. म्हणजे ९५ च्या पाण्याला आरओ लावणं हे टक्कल असलेल्याने हेअर जेल लावण्यासारखं झालं. त्या पाण्यात धोका असलाच तर जंतूंचा. पाइपलाइन फुटलेली, टाकी वर्षभर न धुतलेली, असं काही. त्यासाठी यूव्ही मशीन किंवा चक्क उकळणं पुरतं, आणि त्यात थेंबही फेकला जात नाही. उलट बाजूही सांगायला हवी. कमी टीडीएस म्हणजे स्वच्छ पाणी, असं नाही. मीटरला जंतू दिसत नाहीत, आणि फ्लोराइड किंवा आर्सेनिकसारखे पदार्थ अगदी थोडे असूनही घातक असू शकतात. बिल्डिंगची स्वतःची बोअर असेल तर एकदा लॅबमध्ये पाणी तपासून घ्या. तिथे हे पदार्थ निघाले, तर आरओला पर्याय शोधताना जरा विचार करावा लागेल.

सेल्समन हे सांगत नाही. तो दोन ग्लास भरतो, एक नळाचा, एक मशीनचा, आणि त्यात एक विजेचं यंत्र बुडवतो. दोन मिनिटांत नळाचं पाणी चॉकलेटी आणि तुमच्या आईचा चेहरा पांढराफटक! ती घाण पाण्यातली नसते. यंत्राच्या लोखंडी सळीतून वीज गेली की लोखंड झिजतं आणि त्याचा गंज पाण्यात उतरतो. आरओच्या पाण्यात क्षारच नाहीत, त्यामुळे वीज वाहत नाही आणि ग्लास स्वच्छ राहतो. पुढच्या वेळी त्याच्यासमोर आरओच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाका आणि सळी बुडवायला सांगा. मजा बघा!

टँकरवाल्यांनी मात्र मशीन विकायची घाई करू नये. ६४० चं पाणी चवीला खरंच मचूळ लागतं, आणि चहावर तवंग येतो तो वेगळाच. त्यांच्यासाठी प्रश्न एकास तीनचं एकास दोन करता येईल का, असा आहे. येतं. मेकॅनिकला सांगून ४५० ऐवजी ३०० ची नळी बसवता येते. आमच्याकडे तेच केलं. तरी खूप कॅल्शिअमच्या पाण्याला याची किंमत मेम्ब्रेन लवकर बदलून मोजावी लागते, हे ध्यानात ठेवा. पांढरा पाइप चिमटा लावून बंद करायचा प्रयोग मात्र अजिबात करू नका. आमच्या ऑफिसातल्या एका हुशार इंजिनिअरने केला. पहिले काही आठवडे तो सगळ्यांना ‘झीरो वेस्ट’ म्हणून सांगत फिरला. मग पेल्यातला टीडीएस ५० वरून १५०, १५० वरून ३०० झाला आणि धार करंगळीहून बारीक झाली. नवी मेम्ब्रेन टाकावी लागली.

मेम्ब्रेन थकली हे ओळखायची खूणही हीच. नळाचा आणि पेल्याचा टीडीएस महिन्यातून एकदा लिहून ठेवा. तब्येत ठीक असेल तर नव्वद टक्क्यांच्या वर क्षार अडतात. ते ऐंशीच्या खाली घसरले की दिवस भरले. फक्त दोन गोष्टींनी फसू नका. एक म्हणजे बऱ्याच मशीनमध्ये टीडीएस अ‍ॅडजस्टर नावाचा स्क्रू असतो, जो थोडं पाणी मेम्ब्रेनला वळसा घालून चवीसाठी मिसळतो. ते पाणी क्षारांच्या हिशेबाने जसंच्या तसं असतं, म्हणून मोजताना तो बंद करून घ्या. दुसरं, डिसेंबरात धार बारीक झाली तर घाबरू नका. गार पाणी मेम्ब्रेनमधून हळू जातं. पण नळीला थंडीचंही काही कळत नाही, ती फेकायचं ते फेकतेच. त्यामुळे हिवाळ्यात एकास तीनचं एकास चारही होऊ शकतं.

राहिला सोसायटीचा हिशेब. आम्ही दोघं पिण्या-स्वयंपाकाला दिवसाला १२ लिटर घेतो, म्हणजे नळी बदलण्याआधी ३६ लिटर फेकत होतो. बिल्डिंगमध्ये ८४ फ्लॅट. सगळे आमच्यासारखेच धरले तर दिवसाला तीन हजार लिटर आणि महिन्याला नव्वद हजारांच्या वर. दहा हजारांचे नऊ टँकर! हे मी ग्रुपवर टाकलं तेव्हा कार धुणाऱ्या काकांनी पहिल्यांदाच माझ्या मेसेजला अंगठा दिला.

आमच्या घरी पांढरा पाइप आता सिंकमध्ये नाही, बादलीत सोडलेला आहे. ८३५ च्या पाण्याने फरशी पुसता येते, खरकटी भांडी भिजवता येतात, फ्लश करता येतो. कुंड्यांना रोज घालू नका, मातीत क्षार साठत जातात आणि तुळस रुसते. काचा आणि गाडी पुसली तर पांढरे डाग पडतात. कपड्यांना साबण जास्त लागतो, म्हणून तिथे मी वापरत नाही.

बादली लावल्याचा एक फायदा अनपेक्षित होता. एका रात्री मशीनची टाकी भरलेली, पंप बंद, तरी सकाळी बादली ओसंडून किचनभर पाणी! मशीन थांबलं की दोन-चार मिनिटांत पांढरा पाइप कोरडा पडायला हवा. पाणी आत सोडणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह नीट बंद झाला नाही तर धार रात्रभर चालू राहते, आणि पाइप सिंकमध्ये असला की कुणाला पत्ताही लागत नाही. आमचा व्हॉल्व्ह कधीपासून गळत होता कोण जाणे. मेकॅनिकने तो दहा मिनिटांत बदलला. किचन पुसलं मावशींनी, अर्थात त्याच पाण्याने. ‘‘ताई, बादली मोठी आणा,’’ एवढंच म्हणाल्या.